क्रीम झोंबलं? ट्यूब कुरियर करू नका

"मॉइश्चरायझर झोंबलं म्हणजे त्यात भेसळ आहे. कंपनीला 'तुमचं क्रीम विषारी आहे' असं कडक पत्र लिहा, ट्यूब कुरियरने पाठवून द्या आणि टक्केवारीसकट पूर्ण फॉर्म्युला मागा. ३० दिवसांत पैसे परत करणं कायद्याने बंधनकारक आहे. सगळ्यांना पाठवा!"

असा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातल्या भेसळीपासून सुरुवात करू. लॅक्टिक ॲसिड, युरिया, प्रॉपिलिन ग्लायकॉल हे मॉइश्चरायझरमधले नेहमीचे घटक आहेत आणि त्वचेचा वरचा थर फाटलेला असेल तर ते झोंबतात. गोव्यात असा थर फाटायला वेळ लागत नाही: दर्यावर न्हाणं, दुपारचं ऊन, नुकतीच केलेली दाढी किंवा थ्रेडिंग. अशा वेळी लावल्यावर मिनिटाभरात झोंबतं आणि धुतल्यावर थोड्या वेळाने शमतं. ॲलर्जीची चाल वेगळी असते. खाज आणि पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठतात, आणि त्यामागे अनेकदा सुगंध किंवा क्रीम टिकवणारा परिरक्षक असतो. तिसरी शक्यता मालच बिघडल्याची. क्रीमचं पाणी सुटलंय, वास आंबटला आहे, रंग बदललाय, असं काही दिसलं तरच तिचा विचार करावा. स्कूटरच्या डिकीत उन्हात तापलेल्या ट्यूबचंही असंच होतं, तेव्हा तेही आधी तपासा.

म्हणून पत्रात "विषारी" लिहू नये. कंपनीला तो आरोप खोडून काढणं सोपं जातं, आणि कधी झोंबलं, किती वेळ टिकलं, हे तिला खरोखर लागणारं सांगायचंच राहून जातं. उपयोगी पत्र असं असतं:

"१२ मे रोजी मडगावच्या दुकानातून १०० ग्रॅमची ट्यूब ३४९ रुपयांना घेतली; बिलाची प्रत सोबत जोडली आहे. बॅच क्रमांक व अंतिम तारीख छायाचित्रात आहेत. १४ मे रोजी सकाळी तोंड धुऊन चण्याएवढं क्रीम गालांना लावलं. दोन मिनिटांत झोंबू लागलं, धुतल्यावर पंधरा मिनिटांनी थांबलं, लाली तासभर राहिली. पुरळ आलं नाही. आदल्या दिवशी चेहऱ्यावर दुसरं काही लावलेलं नव्हतं. वेष्टनावर 'संवेदनशील त्वचेसाठी' असा दावा आहे. ३४९ रुपये परत मिळावेत, आणि घटकांविषयी पुढील दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत."

यातलं सर्वांत वजनदार वाक्य संवेदनशील त्वचेच्या दाव्याचं. नुसतं झोंबणं म्हणजे मालातला दोष सिद्ध झाला असं होत नाही. पण वेष्टनावरचा दावा आणि तुमचा अनुभव यांतली तफावत कंपनीला टाळता येत नाही.

आता ते दोन प्रश्न. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणाने छापावे लागतात, बाकीचे त्यानंतर कुठल्याही क्रमाने. टक्केवारी छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे पूर्ण फॉर्म्युला मागितला तर नकारच येतो. खरी अडचण "परफ्यूम" या एका शब्दाची असते, कारण त्याखाली अनेक पदार्थ झाकले जातात. तेव्हा विचारा: या बॅचमधल्या सुगंधात आणि परिरक्षकांत कोणते पदार्थ आहेत? आणि त्वचेवर पदार्थ लावून ॲलर्जी शोधणाऱ्या पॅच टेस्टसाठी ही माहिती माझ्या त्वचारोगतज्ज्ञांना थेट पाठवाल का? दुसऱ्या प्रश्नाला होकार मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यात गुपित बाजारात जात नाही. ट्यूब फार लहान असेल तर तिच्यावर यादी छापण्यापासून सूट असते. मग पूर्ण यादीच मागा.

ट्यूब मात्र पाठवू नका. कुरियर केलीत की पुरावा समोरच्याच्या कपाटात जातो. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि दोष तपासण्यासारखा असला, तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याचं काम आयोग करतो. कंपनीने मागितलीच तर छायाचित्रं पाठवा आणि तिच्या खर्चाने माणूस आला तर थोडं क्रीम द्या, बाकी घरी ठेवा.

३० दिवसांची गोष्ट अर्धी खरी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं आणि पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मुदत बिलावर लिहिलेली, आणि ती नसेल तर ३० दिवस. "सदोष" हा शब्द गाळला की उरतो तो नुसता फॉरवर्ड. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्रीच्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो, म्हणून त्यालाही तेच पत्र पाठवा.

पत्ता शोधायला फार फिरावं लागत नाही. तक्रारीसाठीचा फोन आणि ईमेल वेष्टनावरच छापलेला असतो. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे उत्तर किंवा दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पाणी सुटलेलं, वास मारणारं क्रीम असेल तर बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाला बॅच क्रमांकासह कळवा.