टेकू द्यायचा, पण टेकायचं नाही

सौंच्या मामांनी काल माझी पेटी हातात घेतली आणि सरळ उलटी केली. काही माणसं वस्तू वरून बघतात, काही उलटी करून बघतात. यातली दुसऱ्या जातीची माणसं नेमकी थ्रीडी प्रिंटर असलेल्याच घरी पाहुणी म्हणून येतात.

“जावईबापू,” मामा म्हणाले, “घरात उंदीर झालेत का?”

पेटी साधीच. टेबलाच्या भोकात अर्धी आत, अर्धी वर राहणारी, पेनं ठेवायची. कमरेला चौफेर बारा मिलिमीटरची कड आणि त्या कडेवर ती टेबलावर टेकते. म्हणजे कडेची खालची बाजू सपाट हवीच, नाहीतर पेटी डुगडुगते. प्रिंटरवर उभी ठेवा नाहीतर पालथी घाला, ही कड हवेतच येते. म्हणून खालून सपोर्ट. रात्रभर चाललेल्या त्या प्रिंटचा सपोर्ट मी पक्कड लावून काढला होता, आणि जिथून काढला तिथे खरोखरच कुणीतरी दात मारल्यासारखं दिसत होतं.

“उंदीर नाहीत मामा. खाली सपोर्ट होता, तो तोडला.”

“कुणी बांधला होता?”

“मशीननं.”

“आणि तोडला कुणी?”

“मी.”

मामा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. बांधून तोडणं त्यांना नवीन नसावं, पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू हे पहिल्यांदाच ऐकताहेत. मग मी चूक नसताना आरोपीसारखा समजावत बसलो. हवेत प्लॅस्टिकचा थर घालता येत नाही, तो लोंबतो. म्हणून खाली टेकू उभा करायचा. पण टेकूही त्याच प्लॅस्टिकचा, आणि गरम थर त्याच्यावर थेट पडला तर दोन्ही एकजीव होतात. म्हणून टेकूचं डोकं आणि वस्तूचं पोट यांच्यामध्ये बारीकशी फट सोडायची.

“फट सोडल्यावर तो टेकू कसला?”

“फट अगदी थोडी. ०.२ मिलिमीटर. एका थराएवढी.”

“म्हणजे टेकू द्यायचा, पण टेकायचं नाही.”

“तसंच.”

“आणि मग तरीही चिकटलं.”

याच्यावर काय बोलणार? चिकटलंच होतं. कारण ती फट ०.२ नव्हतीच. मित्रानं ‘लाखात एक’ नावाची स्वतःची सेटिंग पाठवली होती आणि “डोळे मिटून वापर” असं वर सांगितलं होतं. त्यानं खालची बाजू गुळगुळीत यावी म्हणून फट ०.१ केली होती आणि टेकूच्या डोक्यावर इंटरफेसचे, म्हणजे टेकूच्या छपराचे, चार थर अगदी गच्च, मध्ये सुईही न जाईल असे भरले होते. हे ‘अगदी गच्च’ प्रकरण फट पुरेशी असेल तर चांगलं, नसेल तर वेल्डिंग. सपोर्टचा खालचा जाळीदार भाग कटकट तुटून हातात आला, पण वरचे ते इंटरफेसचे थर कडेच्या पोटाला सालीसारखे चिकटून राहिले. फट कमी पडली की ओळख हीच: खांब निघतात, छप्पर राहतं. ते छप्पर नखानं, मग ब्लेडनं, मग पकडीनं काढताना कडेचेही दोन-चार धागे सोबत आले. जिथे जोर पडला तिथे प्लॅस्टिक पांढरं पडलं. हेच ते उंदराचं काम.

इंटरफेस हवाच कशाला, असं मामांनी विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं, म्हणून मीच सांगतो. सपोर्टच्या आतल्या रेघा एकमेकींपासून दोन-अडीच मिलिमीटर लांब असतात. कड त्यावर थेट घातली तर दोन रेघांच्या मध्ये ती खाली लोंबते आणि पोटावर पन्हळी पत्रा उमटतो. इंटरफेस म्हणजे त्या रेघांवर घातलेली फळी. तिचा पहिला थर स्वतःच जरा लोंबतो, दुसरा ते सावरतो, तिसऱ्यापर्यंत जमीन सपाट होते. म्हणून दोन-तीन थर बहुतेक वेळा पुरतात. चार थर म्हणजे नुसता उत्साह.

मग मी फट ०.३ केली. या वेळी सपोर्टला बोट लावायच्या आधीच तो गळून पडला. आनंद झाला. पेटी उलटी केली आणि आनंद ओसरला. कडेचे पहिले धागे खाली लोंबून एकमेकांपासून सुटले होते, नखानं छेडले तर तारेसारखे वाजत होते. ह्या धंद्यातली खरी चीड इथेच आहे. ‘सहज निघावं’ आणि ‘खालून स्वच्छ दिसावं’ या दोन मागण्या एकाच आकड्याच्या उलट्या बाजूंना बसल्यात, आणि सपोर्ट एका बोटानं उडवून दाखवणारे व्हिडिओवाले कॅमेरा कधीही वस्तूच्या पोटाखाली नेत नाहीत.

त्यात हा आकडा शोधायचा कुठे? वस्तूचे थर पाडून प्रिंटरसाठी फाइल बनवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लायसर; एका स्लायसरमध्ये तो `Top contact Z distance`, दुसऱ्यात `Support Top Distance`. काही स्लायसर तुमचा आकडा थराच्या पटीत बसवून घेतात, म्हणजे तुम्ही लिहायचं एक आणि त्यानं करायचं दुसरं. म्हणून फाइल प्रिंटरला देण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये सरकपट्टी एकेक थर वर नेऊन बघावी. इंटरफेस वेगळ्या रंगात दिसतो, त्याच्यावर मोकळी जागा आणि मग वस्तू. मोकळी जागा दिसत नसेल तर पक्कड आत्ताच शोधून ठेवावी.

शेवटी ०.२ चा थर, ०.२ ची फट, इंटरफेसचे तीन थर, त्यांच्या रेघांमध्येही ०.२ ची मोकळीक, आणि सपोर्टवर पडणाऱ्या पहिल्या थराला पंखा पूर्ण वेगानं, म्हणजे प्लॅस्टिक चिकटायच्या आत थिजतं. हे पीएलए जातीच्या प्लॅस्टिकचं. पीईटीजी ही दुसरी जात स्वतःला जास्त घट्ट धरतं, त्याला फट थोडी वाढवावी लागते. या वेळी पक्कड कोपऱ्यात घालून पिळली, आणि चर्रर्र आवाज करत अख्खं इंटरफेस एका पत्र्यासारखं निघून आलं. हा आवाज आला की समजायचं, जमलं. कडेची खालची बाजू आरशासारखी नव्हती, कधीच नसते. मंद, बारीक रेघांची होती, पण टेबलावर पेटी हलली नाही.

मी ती मामांच्या हातात दिली. त्यांनी पेटी बाजूला ठेवली आणि कचऱ्यातला तो निघालेला पत्रा उचलून उजेडात धरला.

“हे मात्र सुबक झालंय,” म्हणाले. “हे टाकू नका.” आणि खिशात घातलं.

दोन नोझलचा, म्हणजे दोन प्लॅस्टिकं वेगवेगळ्या तोंडांतून सोडणारा प्रिंटर असता तर हा अपमानही टळला असता. पीएलएच्या वस्तूला फक्त इंटरफेसपुरतं पीईटीजी वापरायचं. ही दोन प्लॅस्टिकं एकमेकांना जेमतेम धरतात, म्हणून फट थेट शून्य ठेवता येते, रेघाही गच्च, आणि पोट जवळजवळ वरच्या बाजूइतकं साफ येतं. पण एकाच नोझलमधून रंग बदलणाऱ्या प्रिंटरवर प्रत्येक बदलाला जुनं प्लॅस्टिक ओकून टाकावं लागतं, आणि कडेच्या पोटापायी शेजारी कचऱ्याचा ढीग होतो.

मित्राला फोन केला. “तुझ्या फिलामेंटला दमट हवा लागली असणार,” तो म्हणाला. फिलामेंट म्हणजे प्रिंटरला खाऊ घालायची प्लॅस्टिकची तार. या छंदात सगळ्याच गोष्टी दमट हवेमुळे होतात. मग त्यानं सुधारलेली सेटिंग पाठवली, नाव ‘लाखात एक फायनल’. उघडून पाहिली. इंटरफेसचे थर पाच केलेत. फट ०.१.