आठ फुटांवरून ४३ इंची फोर-के

टीव्ही घ्यायला निघालं की हा सल्ला हमखास मिळतो: “हॉल लहान आहे ना, मग ४३ इंचीच घ्या, पण फोर-केच घ्या. फुल एचडीपेक्षा चौपट स्पष्ट दिसतं. दुकानात दोन्ही शेजारी लावून बघा, फरक लगेच कळतो. मोठा टीव्ही जवळून बघितला तर डोळे जातात.”

चौपट असते ती पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या. त्यातलं डोळ्याला किती कळतं हे अंतरावर ठरतं. ६/६ नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. आठ फुटांवर हे माप सुमारे ०.७ मिलिमीटर भरतं. ४३ इंची फुल एचडी पडद्याचा एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे तोच मुळात दिसत नाही. फोर-केमध्ये तो पाव मिलिमीटरचा होतो. न दिसणारी गोष्ट आणखी बारीक होते, इतकंच.

आठ फूट अशासाठी, की १० फूट रुंद हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवला तरी बसल्यावर डोळे दीड फूट पुढे येतात आणि टीव्हीही ब्रॅकेटवर थोडा पुढे असतो. टेप धरायची ती डोळ्यांपासून पडद्यापर्यंत.

सोपा हिशेब असा: टीव्हीच्या इंचांना ०.१३ ने गुणा, येतील तितके फूट. त्याच्या आत बसलात तरच फुल एचडी आणि फोर-केमधला फरक दिसू लागतो. ४३ इंचीला साडेपाच फूट, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ. म्हणजे आठ फुटांवर ६५ इंचीलासुद्धा फायदा जेमतेम सुरू होतो. ५५ इंचीच घ्यायचा असेल तर सोफा दीड-दोन फूट पुढे ओढा. ही सीमारेषा काटेकोर नाही. तरुण, तीक्ष्ण नजरेला थोड्या लांबूनही फरक कळतो.

दुकानात फरक दिसतो तो खराच, कारण तिथे आपण तीन फुटांवर उभे असतो आणि पडद्यावर अस्सल फोर-के चित्रफीत चालू असते. घरी सेट-टॉप बॉक्सचं चॅनल बहुतेक वेळा एचडीच असतं, कधी त्याहूनही कमी. मोठ्या पडद्याजवळ बसून असं जुनं एसडी चॅनल पाहिलं तर ते उलट जास्त धूसर दिसेल, हेही आधीच माहीत असावं. गडद आणि उजळ भाग जास्त ठळक दाखवणाऱ्या एचडीआरचे रंग आणि उजेड मात्र आठ फुटांवरूनही जाणवतात. त्यासाठी पैसे मोजत असाल तर माझी काही तक्रार नाही.

डोळे जाण्याची भीती पिक्चर ट्यूबच्या काळातली. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्हींतून जादा क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं होतं. आजच्या टीव्हीत ती ट्यूबच नाही. जवळून बघून डोळे थकतात, पण खराब होत नाहीत.

फोर-के टीव्ही घेऊन झाला असेल तर यूट्यूबवर बारीक तपशिलाचा एखादा फोर-के व्हिडिओ लावा आणि त्याच दृश्यावर थांबून आधी 1080p म्हणजे फुल एचडी, मग 2160p म्हणजे फोर-के निवडा. बटण दुसऱ्याच्या हाती द्या, तुम्ही फक्त कुठलं कोणतं ते ओळखा. अचूक ओळखता येईपर्यंत एकेक पाऊल पुढे या आणि तिथे फरशीवर चिकटपट्टी लावा. सोफा त्या पट्टीच्या किती मागे आहे ते दिसेल.