लिहून घेतलेलंही मोडतं

"ताई, जर्मनीत आघाडी करताना सगळं कागदावर लिहून घेतात म्हणून तिकडची सरकारं टिकतात ना? आपल्याकडं नुसती खुर्चीसाठी खिचडी. खरंय का सांग."

हा नव्या पेठेतल्या मावसभावाचा फॅमिली ग्रुपवरचा प्रश्न. नाही, खरं नाही, आणि मला याचा राग येतो, कारण सोलापूरला फोन केला की कुणी ना कुणी हेच ऐकवतं आणि मी इथं जर्मनीत राहते म्हणजे मलाही तसंच वाटत असणार असं धरून चालतात.

2021 ला इथं डावीकडची एसपीडी, पर्यावरणवादी ग्रीन्स आणि उद्योगधंद्याच्या बाजूची एफडीपी अशा तीन पक्षांचं सरकार आलं. 26 सप्टेंबरला निवडणूक झाली आणि एसपीडीचे शोल्त्झ चान्सलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखे, झाले 8 डिसेंबरला. मधल्या काळात आधी चाचपणीच्या बैठका, मग विषयवार 22 गट बसले आणि शेवटी जाडजूड करार झाला. त्यात प्रत्येकानं आपापलं पदरात पाडून घेतलं, एसपीडीला ताशी 12 युरो किमान मजुरी, ग्रीन्सना हवामानासाठी भरपूर खर्च, आणि एफडीपीला दोन गोष्टी, कर वाढणार नाहीत आणि कर्जावरची घटनेतली मर्यादा मोडायची नाही. आता कर नाही, कर्ज नाही आणि खर्च मात्र हवा, मग पैसा कुठून आणणार? तर कोविडसाठी मंजूर झालेलं पण न वापरलेलं 60 अब्ज युरोचं कर्ज त्यांनी हवामान निधीत वळवलं, आणि या एका वाटेवर तिघांची बरीचशी वचनं एकत्र बसली.

15 नोव्हेंबर 2023 ला कार्ल्सरूहच्या घटनात्मक कोर्टानं ते रद्द केलं. करार तोच, सह्या त्याच, फक्त तो ज्या पैशावर उभा होता तो गेला. त्यानंतर वर्षभर रोज टागेसशाऊ या टीव्हीवरच्या बातम्यांमध्ये बजेटचंच भांडण.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा एसपीडीचे जुने सभासद आहेत, त्यांना यातलं खूप कळतं. ते म्हणतात, आघाडीच्या करारात बाकी काही वाचू नका, खर्चाला पैसा कुठून येणार तेवढंच वाचा, तिथं जर "नंतर बघू" असेल तर सरकार पण नंतरच बघायचं. हे मला पटतं. पण ते सगळा दोष एफडीपीचे अर्थमंत्री लिंडनर यांच्यावर टाकतात ते पूर्ण पटत नाही. लिंडनरनी 2024 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला 18 पानांचं टिपण काढलं, ते आघाडीच्या स्वतःच्या धोरणांच्या उलटं होतं, हे खरं. एखाद्या भागीदाराचा मंत्री सरकारच्याच कार्यक्रमाला पर्याय लिहायला लागला की समजायचं, त्याचं मन बाहेर गेलंय. पण शोल्त्झनी सुद्धा युक्रेनच्या खर्चासाठी कर्जाची मर्यादा बाजूला ठेवा असं त्यांच्यापुढं टाकलं, म्हणजे ज्या दोन अटींवर एफडीपी आत आली होती त्यातलीच एक सोडायला सांगितली. 6 नोव्हेंबरच्या रात्री लिंडनरना काढलं आणि आघाडी संपली. नंतर बाहेर आलं की एफडीपीनं आधीच बाहेर पडायचा आराखडा तारखांसकट तयार ठेवला होता, त्याला नाव काय तर डी-डे. त्यांच्या सरचिटणीसाला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे खुर्चीचा हिशोब इथं पण होतो रे बाबा, फक्त पीडीएफ करून होतो.

फरक आहे तो पुढच्या पायरीत. इथं चान्सलरला नुसतं पाडता येत नाही, पाडायचं तर त्याच मतदानात दुसरा चान्सलर बहुमतानं निवडावा लागतो. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात एकमेकांचे वैरी सरकार पाडायला एकत्र यायचे आणि बनवायला कुणीच नसायचं, म्हणून ही अट घातली. 1982 मध्ये एफडीपीनं बाजू बदलली तेव्हा चान्सलर श्मिट जाऊन कोल आले ते असेच. 2024 मध्ये पर्यायी बहुमत नव्हतं, म्हणून शोल्त्झनी स्वतः विश्वासमत मागितलं, हरायलाच मागितलं, 16 डिसेंबरला 207 विरुद्ध 394, आणि मग 23 फेब्रुवारीला निवडणूक. एफडीपी 4.3 टक्क्यांवर आली, 5 टक्क्यांची रेषा चुकली, संसदेतून बाहेर. आघाडी मोडायची किंमत तीन-साडेतीन महिन्यांत मतदारानं वसूल केली.

हे ग्रुपवर लिहिलं तर आमचे वकील भाऊजी म्हणाले, "तिथं पक्षांतरबंदी कायदा कडक असणार." अर्धं बरोबर. पक्ष फुटत नाहीत हे खरं, पण तसा कायदा इथं मुळी नाहीच, खासदार पक्ष बदलून खुर्ची ठेवू शकतो. मात्र बऱ्याच जागा पक्षाच्या यादीतून येतात आणि पुढच्या यादीत नाव घालायचं की नाही हे पक्ष ठरवतो, ही भीती कायद्यापेक्षा जास्त काम करते. तरी 1972 ला चान्सलर ब्रांट यांचं बहुमत खासदार पळाल्यामुळंच आटलं होतं, आणि त्यांना पाडायचा ठराव 2 मतांनी पडला. नंतर उघड झालं की विरोधी सीडीयूच्या एका खासदाराला, ठरावाला मत देऊ नये म्हणून, पूर्व जर्मनीच्या श्टासी या गुप्तहेर खात्यानं 50,000 मार्क दिले होते. मी हे लिहिल्यावर भाऊजींनी लगेच "खोके" टाकलं. पण भाऊजी, आपल्याकडचा तो आरोप आहे, हे सिद्ध झालेलं प्रकरण आहे, दोन्ही एका मापानं मोजू नका.

मामांनी तर प्रश्नच दुसरीकडं नेला. "अगं, आमच्या सोलापूरचा मुख्यमंत्री 2004 ला निवडणूक जिंकून दिली तरी का काढला ते सांग की." मामांचं दुःख जुनं आहे आणि मला ते कळतं, घरात तेव्हा कुणी नीट जेवलं नव्हतं. पण बघा, तेव्हा राष्ट्रवादीच्या 71 आणि काँग्रेसच्या 69 जागा होत्या, आणि तरी मोठ्या भागीदारानं मुख्यमंत्रिपद सोडून जास्तीची मंत्रिपदं घेतली. आघाडी अशीच बनते, पद एकाला, खाती दुसऱ्याला. सुशीलकुमारांच्या जागी विलासराव आले हा काँग्रेसच्या घरातला निर्णय, आघाडीचा नाही. कुठलाही लेखी करार असता तरी त्यात हे आलं नसतं. इथंही 2025 मध्ये मर्त्स यांना चान्सलर निवडायचं होतं तेव्हा त्यांच्या आघाडीकडं 328 खासदार होते, करार सही झालेला होता, आणि गुप्त मतदानात पहिल्या फेरीत पडली 310 मतं, लागत होती 316. दुपारनंतर दुसऱ्या फेरीत निभावलं.

तरी माझ्या मनात एक गोष्ट सलते. 23 फेब्रुवारीच्या रात्री मी टीव्हीसमोर आकडे बघत होते, आजोबा खाली मत देऊन आलेले, मी मात्र नाही, माझा पासपोर्ट भारताचा. आणि सोलापुरात मत द्यायचं तर स्वतः बूथवर उभं राहावं लागतं, तेवढी सुट्टी नेमकी तेव्हा कुणाला मिळते. दोन्हीकडच्या सरकारांवर इतकं बोलते आणि दोन्हीकडं माझं बोट कोरडं. पासपोर्ट बदलायचा फॉर्म भरून ठेवलाय, सही होत नाही.

आता मावसभाऊ विचारतोय की मग पर्याय दिल्याशिवाय सरकार पाडायचं नाही ही जर्मनीची अट आपण घ्यावी का. मला वाटतं 17 एप्रिल 1999 ला तिचा उपयोग झाला असता, वाजपेयी 269 विरुद्ध 270 नं पडले आणि पर्याय कुणालाच उभा करता आला नाही, देश निवडणुकीला गेला. पण 2022 ला महाराष्ट्रात नवा मुख्यमंत्री दुसऱ्याच दिवशी शपथ घेत होता, तिथं या अटीनं काय अडवलं असतं? आजोबा म्हणतात काहीच नाही, तुमच्याकडं पक्षाच्या आतल्या लोकशाहीचं बघा, आमच्या करारावर तर आम्ही सभासद मत देतो. भावाला ते पटलं नाही, तो म्हणतो आपल्याकडं तसं मतदान घेतलं तर सभासद नोंदणीच विकत घेतली जाईल. याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.