पुरुषांची रांग, बायकांची रांग आणि मध्ये सुटलेले बाबा

गेल्या वर्षी बाबांना घेऊन मी विमानाने भावाकडे बंगळूरला गेले. जाताना बाबा विमानतळावर अकरा मिनिटं सापडत नव्हते. कोणत्या विमानतळावर ते लिहीत नाही, कारण हे कुठेही झालं असतं. डिमेन्शिया असलेले आईवडील घेऊन प्रवास करणारे माझ्या मित्रयादीत बरेच आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

बाबा ७८ वर्षांचे. उभं आयुष्य एसटीत गेलं, शेवटची बरीच वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. चालतात ठणठणीत, बोलतात छान, अनोळखी माणसाला दहा मिनिटं काही कळणारही नाही. आणि विमानतळावर नेमकी हीच अडचण होते. धडधाकट दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोणी थांबवत नाही.

मी तयारी केली होती. त्यांच्या पाकिटात नाव, पत्ता आणि माझा नंबर लिहिलेलं कार्ड होतं. फोनवर ते कुठे आहेत हे मला दिसायची सोय होती. सगळा वेळ हात धरून होते. पण सुरक्षा तपासणीला पोचल्यावर हात सोडावाच लागतो. आपल्याकडे पुरुषांची अंगझडती वेगळी आणि बायकांची वेगळी, पडद्याच्या आत. म्हणजे वडिलांसोबत मुलगी असेल किंवा आईसोबत मुलगा असेल, तर तिथे ताटातूट ठरलेली. आणि त्याआधी काय होतं? फोन ट्रेमध्ये, पाकीट ट्रेमध्ये, घड्याळ ट्रेमध्ये. बाबांची ओळख सांगणारी प्रत्येक वस्तू त्या पट्ट्यावर गेली आणि बाबा रिकाम्या खिशांनी पलीकडे गेले.

पुरुषांच्या बाजूला दोन-तीन रांगा होत्या आणि भराभर सरकत होत्या. बायकांच्या पडद्यापुढे एकच रांग, माझ्यापुढे पाच जणी. बाबा त्या लहान चौथऱ्यावर चढले, हात पसरले, जवानाने यंत्र फिरवलं, ते उतरले. हे मी पाहिलं. मग मी पडद्याआड गेले. बाहेर आले तर माझी बॅग बाजूला काढलेली. गोळ्यांची पाकिटं कापायला ठेवलेली कात्री त्यात दिसली होती. बॅग उघडून दाखवली, परत बंद केली, मान वर केली. बाबांचा ट्रे तिथेच, त्यात फोन, पाकीट, घड्याळ. बाबा नव्हते.

सीआयएसएफच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "कपडे कुठले घातलेत?" मला सांगता येईना. सकाळी मीच शर्ट काढून दिला होता, पण त्या क्षणी रंग आठवेना. फोनमधले फोटो दिवाळीतले. तेव्हापासून घरातून निघताना दारातच बाबांचा डोक्यापासून पायांपर्यंत एक फोटो काढते, चपलांसकट. दहा सेकंदांचं काम आहे. विचारलं की नुसता फोन पुढे करायचा.

दुसरी गोष्ट त्या मॅडमनीच सांगितली, आणि त्याने माझे पाय जरा स्थिरावले. "ते आतच आहेत. इथून उलटं बाहेर जाता येत नाही." खरंच, सुरक्षा तपासणीनंतरचा भाग हा एक मोठा बंद वाडा असतो. पुढे फक्त विमानात जाता येतं, तेही पास तपासून. त्यामुळे तिथे धावत सुटण्यापेक्षा लगेच सांगणं जास्त उपयोगाचं. मी मात्र आधी "बाबा, बाबा" अशा हाका मारण्यात वेळ घालवला. अशी माणसं हाकेला ओ देतीलच असं नसतं. आपण हरवलोय हे त्यांना माहीतच नसतं, मग हाक आपल्यासाठी आहे हे कसं कळणार? उद्घोषणेचंही तेच. बऱ्याच मोठ्या विमानतळांवर तर आता उद्घोषणा फारशा करतच नाहीत.

बाबा सापडले खालच्या मजल्यावर. काही फाटकांवरून विमानापर्यंत बसने नेतात, ती फाटकं तळमजल्यावर असतात आणि काचेतून बाहेर ओळीने लागलेल्या बसगाड्या दिसतात. बाबा त्या काचेपाशी, हात मागे बांधून, अगदी सरळ उभे होते. कुठूनतरी बसचा आवाज किंवा "बस" हा शब्द कानावर पडला असेल. मी मागून जाऊन दंड धरणार होते, पण मॅडमनी मला पुढून जायची खूण केली. समोर जाऊन, जरा अंतर ठेवून मी विचारलं, "काय बघताय बाबा?" ते म्हणाले, "सव्वासातची सांगली अजून लागली नाही."

मी "चला, लागेल तोवर चहा घेऊ" म्हटलं. ते आले. "कुठे गेला होतात? किती शोधलं!" हे शब्द माझ्या तोंडावर आले होते. ते बोलले असते तर त्यांना फक्त माझा चढलेला आवाज कळला असता, आणि मग विमानात बसवणं अवघड झालं असतं.

त्या दिवशी मला कळलं की बाबा भरकटत नाहीत, ते कामावर जातात. ज्यांची आई शिक्षिका होती, ज्यांचे वडील बँकेत होते, त्यांनी या अंगाने विचार करून ठेवावा. आपलं माणूस गर्दीत कुठल्या गोष्टीकडे खेचलं जाईल? देवघरासारखं काही, लहान मुलं, काउंटरपुढची रांग, बाहेरचा उजेड? शोधायची पहिली जागा तीच.

परतताना मी सगळा क्रम बदलला. विमान कंपनीला चार दिवस आधी फोन केला. अशा मदतीसाठी किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. व्हीलचेअर मागितली आणि स्पष्ट सांगितलं की बाबांना चालता येतं, पण स्मृतिभ्रंश आहे, एकटं सोडायचं नाही. नुसती व्हीलचेअर मागितली तर नोंद होते ती पायांच्या त्रासाची. मग मदतनीस त्यांना फाटकापाशी बसवतो आणि दुसऱ्या प्रवाशाला आणायला जातो. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं, कारण ज्याला चालता येत नाही तो उठून जाणार नाही. आपलं माणूस उठून जातं. म्हणून हे वाक्य फोनवर सांगायचं, चेक-इनला सांगायचं आणि मदतनीसाला पुन्हा सांगायचं. भावाला वाटत होतं की खुर्चीत बसवलं तर बाबा खचतील. मला तसं वाटत नाही. बाबांना ती खुर्ची म्हणजे मान वाटला. आणि खुर्ची ढकलणारा एक माणूस मला मिळाला, ज्याची त्या ताटातुटीत खरी गरज असते.

तपासणीच्या आधीच, बाजूच्या बाकावर, मी बाबांचे खिसे रिकामे केले आणि सगळं माझ्या पिशवीत टाकलं. त्यांचा वेगळा ट्रेच नाही. माझ्याकडे एकच पिशवी, त्यात कात्री नाही, पाण्याची बाटली नाही, उघडून बघावं लागेल असं काही नाही. मग तिथल्या जवानाला सांगितलं, "वडिलांना विसरायचा आजार आहे. ते आधी पलीकडे गेले तर निघून जातील. मी आधी जाते, मी पलीकडे उभी राहिले की त्यांना सोडा." मदतनीस बाबांपाशी अलीकडे थांबला. मी पडद्यातून जाऊन आले, पिशवी उचलली, बाबांना दिसेन अशी उभी राहिले आणि हात वर केला. मग त्यांची खुर्ची आली. एवढंच करायचं होतं. जाताना मी बाबांना पुढे घातलं होतं, "आधी मोठ्यांचं होऊ दे" म्हणून.

कार्ड आता पाकिटात नसतं. कापडाच्या पट्टीवर लिहून शर्टाच्या खिशात आतून शिवलंय, म्हणजे ट्रेमध्ये जायचा प्रश्न नाही आणि पिन नसल्यामुळे यंत्रही वाजत नाही. त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलंय की मला विसरायला होतं, माझी मुलगी सोबत आहे, मला बसवा आणि या नंबरवर फोन करा. नंबर भावाचा. तपासणीच्या वेळी माझाही फोन ट्रेमध्येच असतो हे मला उशिरा सुचलं.

बंगळूरला सूर्यफुलांची हिरवी पट्टी गळ्यात घालायला मिळाली. वरवर न दिसणारी अडचण असलेल्या प्रवाशांसाठी ही खूण २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आपल्याकडे बंगळूर आणि दिल्लीला आहे. तिने रांग चुकत नाही, कोणताही हक्क मिळत नाही. पण कर्मचारी बोलताना सावकाश बोलतात, दुसऱ्यांदा विचारतात. प्रत्येक विमानतळावर ती असायला हवी. आणि सुरक्षा तपासणीत सोबतचा माणूस आधी पलीकडे जाईल हा साधा क्रम नियम म्हणून असायला हवा. तो आत्ता समोरच्या जवानाच्या चांगुलपणावर चालतो, आणि त्या जवानाला मागे दोनशे लोक दिसत असतात.

वेळेबद्दल थोडं. जातानाचं विमान संध्याकाळचं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. दिवस मावळला की बाबांचा गोंधळ वाढतो, हे घरी रोज दिसत असूनही मी ते तिकीट काढलं. आता सकाळी दहाच्या आसपासचंच घेते. आणि शेजारच्या काकूंनी प्रेमाने सुचवलेली अ‍ॅलर्जीची गोळी, "देऊन टाक, झोपून राहतील" म्हणून, ती देऊ नका. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, तोलही जातो. झोपेचं काहीही द्यायचं तर त्यांना विचारूनच.

मला सगळ्यात जास्त भीती आता उतरल्यानंतरची वाटते. सामानाच्या पट्ट्यापासून बाहेरचं दार पन्नास पावलांवर असतं, ते आपोआप उघडतं आणि पुढे थेट रस्ता, टॅक्सी, गर्दी. आत आहेत तोवर बंद वाडा, दाराबाहेर गेले की अख्खं शहर. शिवाय एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. बाबा बाहेर निघाले तर बॅग तिथेच सोडायची आणि त्यांच्यामागे जायचं, बॅग नंतर मिळते. मी तर आता सामान चेक-इनच करत नाही. दोघांची मिळून सात-सात किलोची हातातली सोय पुरते, उरलेले कपडे भावाकडे ठेवलेत.

स्वच्छतागृहासाठी दिव्यांगांचं वेगळं असतं तेच वापरते, दोघं आत जाऊ शकतो. पुरुषांच्या दाराबाहेर उभं राहण्यात धोका आहे, काही ठिकाणी आत जायचं आणि बाहेर यायचं तोंड वेगळं असतं.

दिवाळीला पुन्हा जायचंय. या वेळी भाऊ स्वतः न्यायला येणार आहे. बाबा आता काही संध्याकाळी मला ओळखत नाहीत, आणि अनोळखी बाई हात धरून नेतेय असं वाटलं तर ते हात झटकतील. एकटीने न्यायचे दिवस संपले. तिकीट सकाळी दहा-दहाचं काढलंय. फाटकापाशी काचेजवळची जागा बघून बसू, खालच्या गाड्या दिसतील अशी.