साबुदाणा कुठे मिळतो, हे विचारणाऱ्याला गप्प करू नका

आज सकाळी आमच्या म्युनिकच्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन आलेल्या एका मुलीनं विचारलं, "नमस्कार, आम्ही नुकतेच पुण्याहून आलोय. आषाढी जवळ आली, इथे साबुदाणा कुठे मिळेल?" लगेच उत्तर आलं, "असे प्रश्न कृपया आधी गूगल करावेत. ग्रुप महत्त्वाच्या गोष्टींसाठी आहे." त्याखाली तीन-चार जणांचे अंगठे. त्या मुलीनं सॉरी म्हणून मेसेज काढून टाकला.

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे कोणत्या हो? गणपतीच्या कार्यक्रमाची तिकिटं? कुणाची जुनी गाडी विकायची आहे ते?

नवरा ऑफिसला, पोरगं किंडरगार्टनला, बाहेर सगळं जर्मन, आणि दिवसभर घरात एकटी असलेली बाई जेव्हा साबुदाणा कुठे मिळतो म्हणून विचारते, तेव्हा ती ओळख मागत असते. एवढं कळू नये आपल्या माणसांना?

आम्ही आलो तेव्हाही एकादशीच होती. सुपरमार्केटात केक-पुडिंगच्या रांगेत 'पर्लझागो' असं लिहिलेली पेटी दिसली. पांढरे, गोल, टपोरे दाणे. भिजवले, कूट घातलं, जिऱ्याच्या फोडणीवर टाकले आणि बघता बघता कढईत खळीसारखा गोळा झाला. नंतर कळलं की जर्मनीत झागो म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बटाट्याच्या स्टार्चचं असतं. इथले लोक ते फळांच्या रसात शिजवून गोड करतात, त्यासाठी ते उत्तम. पुढच्या वेळी आशियाई दुकानातून टॅपिओका पर्ल आणले. ते खरोखर कसाव्याचे, म्हणजे साबुदाण्याच्याच कंदाचे. पण गार पाण्यात घातल्यावर त्यांचं दूध झालं. आपला साबुदाणा कारखान्यात गोळी वळल्यावर भाजून किंवा वाफवून वाळवतात, म्हणून तो भिजल्यावर आकार धरतो. थाई पर्ल तसे नसतात, ते थेट उकळत्या पाण्यात टाकायचे असतात. हे मला गूगलनं नाही सांगितलं. गूगलनं सांगितलं, "साबुदाणा म्हणजे टॅपिओका पर्ल."

सांगितलं ते काकूंनी.

काकू भेटल्या मध्यवर्ती स्टेशनाजवळच्या लांडवेअरश्ट्रासेवरच्या एका तुर्की दुकानात. तिथे कोथिंबीर आणि पार्सली शेजारी शेजारी असतात, जुड्या सारख्याच दिसतात, आणि नवीन माणूस हमखास पार्सली घरी नेतो. या बाई एकेक पान चुरगाळून वास घेत होत्या आणि पुटपुटत होत्या, "ही नव्हे मेली, ही नव्हे." मी तिथेच थांबले. किती दिवसांनी नवऱ्याच्या आवाजाशिवाय दुसरा मराठी आवाज कानावर पडला होता! मी विचारलं, "तुम्ही मराठी का?" त्यांनी उत्तर देण्याआधी माझ्या हातातली जुडी काढून घेतली, दुसरी दिली आणि म्हणाल्या, "ही घे. सांगलीची मी. तू कुठली?"

मग त्या मला तशाच एका भारतीय दुकानात घेऊन गेल्या. तिथे फळीवर साबुदाण्याची दोन प्रकारची पाकिटं होती. चकचकीत दिसतो तो नायलॉन साबुदाणा, तळून चिवड्यात घालायचा. खिचडीला तो घ्यायचा नाही. मोठा, पांढरा, पिठूळ दिसणारा घ्यायचा, वरचं पीठ निघून जाईपर्यंत धुवायचा, पाणी जेमतेम दाण्यांच्या वर राहील इतकंच ठेवायचं आणि चार-पाच तासांनी दाणा बोटांत दाबून बघायचा. मध्ये कण लागला तर पाण्याचा हबका मारून अजून थोडा वेळ झाकून ठेवायचा. कुटासाठी सुपरमार्केटातले शेंगदाणे नकोत, ते बहुतेक भाजून मीठ लावलेले असतात; कच्चे तुर्की दुकानात मिळतात. हे सगळं त्या परतीच्या भुयारी गाडीत बोलत होत्या, आणि मी स्टेशन आलं तरी उतरले नाही. त्यांच्याच घरी गेले. चहा झाला, लेकाचं नाव विचारून झालं, आणि निघताना हातात लिंबाच्या लोणच्याची बाटली.

तर त्या ग्रुपवरच्या गृहस्थांना मला विचारायचंय, यातलं काय गूगल केलं असतं मी?

बरं, हे कबूल, की एकच प्रश्न दर आठवड्याला आला की कंटाळा येतो. मग दुकानांची एक यादी करून पिन करा ना, कोण नको म्हणतंय? पण यादीला हे माहीत नसतं की कुठल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ महिनोन्‌महिने फळीवर पडलेलं आहे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. कितीही कढत पाणी घालून मळा, भाकरी थापताना कडेनं फाटते. बाजरीचं तर विचारूच नका, ते खवट होऊन कडू लागतं. हे आधी हात पोळलेल्या माणसाकडूनच कळतं.

आणि "भारतातून येताना बॅग भरून आणायची" असं सांगणाऱ्यांनाही एकदा सांगते. साबुदाणा, गोडा मसाला आणता येतो. पण घरचं तूप, पेढे, खवा आणता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. माझ्या सासूबाईंनी रात्री जागून कढवलेलं तूप विमानतळावर काढून घेतलं गेलं. त्या दिवशी मला त्या डब्याकडे बघवलं नाही. नियम आहे, त्या अधिकाऱ्याची काही चूक नाही. पण सासूबाईंना फोनवर काय सांगू, हे मी काकूंना विचारलं. आईला विचारण्यासारखं नव्हतं ते, आणि इथे दुसरं होतं कोण?

"आपल्याच लोकांत राहायचं तर परदेशात आलात कशाला?" हेही ऐकवतात काही जण. भाषा शिकायलाच हवी, मान्य. मीही शिकतेय, शेजारच्या आजींशी जिन्यात मोडकंतोडकं बोलतेय. पण भाषा जिभेवर बसेपर्यंत माणसानं गप्प बसायचं का? बव्हेरियात रविवारी दुकानं बंद, इतर दिवशीही रात्री आठला शटर खाली. त्या पहिल्या हिवाळ्यातले रविवार मला अजून आठवतात. काकूंचा फोन यायचा, "थालीपीठ लावतेय, येता का?" आणि आम्ही तिघं कोट घालून निघायचो. माझ्या लेकाला 'आजी' हाक मारायला इथे त्या आहेत.

त्यांच्याच घरी आणखी दोन कुटुंबं भेटली. ऑनलाइन भारतीय दुकानांत ठरावीक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट असते, म्हणून आम्ही एकत्र ऑर्डर द्यायला लागलो. खोकं एका घरी येतं आणि सगळे तिथे जमून वाटून घेतात. मटकी, पोहे, गूळ वजनकाट्यावर मोजता मोजता मुलांच्या शाळेचं, डॉक्टरांचं, घरमालकाच्या पत्राचं सगळं बोलणं होतं. कुणी आजारी पडलं तर डबा कुणी न्यायचा हेही तिथेच ठरतं. आमची खरी मंडळी ही. स्टेजवरच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी मी आजवर कधी इतकं बोललेले नाही.

त्या मुलीला मी वेगळा मेसेज केलाय. साबुदाणा माझ्याकडे आहे, उद्या घेऊन जाईल.

पुढची ऑर्डर येत्या शुक्रवारी देतोय, ज्वारीचं पीठ आणि कच्चे पोहे नक्की आहेत. दुकानदाराला पीठ कधी दळलंय ते विचारलंय, जुनं असलं तर घेणार नाही. म्युनिकमध्ये किंवा आसपास ज्यांना हवं असेल त्यांनी खाली लिहा. एकटे राहणारे विद्यार्थी असाल तर अर्धा किलोही मागा, संकोच करू नका. खोकं या वेळी आमच्याकडे येणार आहे, आणि जेवूनच जायचंय.