२,७०० रुपये वाचवायला लाखाची पगारवाढ नको म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका तरुण शेजाऱ्याने अभिमानाने लिहिलं की कंपनी वर्षाला एक लाख वाढवून देत होती, पण त्याने "वाढ नको, त्याऐवजी सुट्ट्या वाढवून द्या" असं एचआरला कळवलं. कारण काय, तर तो आयकराच्या २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जातोय आणि हातात उलट २,७०० रुपये कमी येणार. खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी तर "शहाणा निर्णय" म्हणून पाठ थोपटली. घासाघीस करून भाजीत दहा रुपये सोडवणारी आपण माणसं, आणि इथे लाखावर पाणी सोडणाऱ्याचं कौतुक!

हिशेब त्याने स्वतःच टाकला होता, म्हणून चूक नेमकी कुठे आहे ते दिसतं. पगार १६,५०,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन करपात्र उत्पन्न १५,७५,०००. "मी १५ टक्क्यांत आहे" म्हणून त्याने या सगळ्या रकमेवर १५ टक्के लावले. वर त्या करावर ४ टक्के सेस. झाले २,४५,७००. वाढीनंतर करपात्र उत्पन्न १६,७५,०००, "आता २० टक्क्यांत" म्हणून सगळ्यावर २० टक्के आणि सेस. झाले ३,४८,४००. कर वाढला १,०२,७००, पगार वाढला १,००,०००. म्हणून २,७०० चा तोटा. बेरीज-वजाबाकी बिनचूक, आणि तरीही हिशेब पार चुकीचा.

अहो, स्लॅबचा दर माणसाला लागत नाही, त्या पट्ट्यात पडलेल्या रुपयांना लागतो! २०२५-२६ चे दर घ्या. पहिल्या ४ लाखांवर शून्य. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ वर १० टक्के, ४०,०००. १२ लाखांच्या पुढे १५ टक्के, पण फक्त १५,७५,००० पर्यंतच्या ३,७५,००० वर, म्हणजे ५६,२५०. एकूण १,१६,२५०, सेस धरून १,२०,९००. तो समजत होता त्याच्या निम्मासुद्धा नाही. फॉर्म १६ कधी उघडून पाहिला असता तरी कळलं असतं.

आता वाढीचा लाख. त्यातले पहिले २५,००० अजून १५ टक्क्यांच्याच पट्ट्यात बसतात, कारण तो पट्टा १६ लाखांपर्यंत आहे. त्यांचा कर ३,७५०. उरलेले ७५,००० हे २० टक्क्यांत, त्यांचा १५,०००. मिळून १८,७५०, सेससकट १९,५००. आधीच्या पंधरा लाख पंच्याहत्तर हजारांना कुणी हातही लावला नाही. म्हणजे लाखातले ८०,५०० त्याचे. २,७०० चा तोटा म्हणत होता ना?

मार्जिनल दर म्हणजे तुमच्या शेवटच्या रुपयावरचा दर: इथे २० टक्के, सेस धरून २०.८. सरासरी दर म्हणजे एकूण कर भागिले एकूण पगार: १,४०,४०० भागिले १७,५०,०००, साधारण ८ टक्के. वाढ घ्यावी का, हे ठरवताना पाहायचा तो मार्जिनल दर, आणि ५० लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सर्वात वरच्या पट्ट्यातही तो ३० टक्के अधिक सेस इतकाच. तो शंभराच्या खाली आहे तोवर वाढीव रुपयातलं काहीतरी उरणारच. त्या मुलाने मार्जिनल दर उचलला आणि सरासरी दर म्हणून सगळ्या पगारावर चिकटवला. एवढाच घोळ.

बरं, आता कुणीतरी कॉमेंटमध्ये १२ लाखांचं काढणारच, म्हणून मीच सांगते. हो, तिथे खड्डा आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए चा रिबेट सगळा कर माफ करतो. १२ लाख ओलांडले की रिबेट जातो. त्यावर मार्जिनल रिलीफ ठेवला आहे, म्हणजे १२ लाखांच्या वर जितके रुपये, त्याहून जास्त कर नाही. पण सेस त्या करावर वेगळा बसतो. पगार १२,७५,००० चा १३,२५,००० झाला तर वाढ ५०,०००, कर ५०,०००, सेस २,०००. हातात २,००० कमी! हा तोटा वाढत वाढत २,८०० च्या आसपास जातो आणि पगार १३,४९,००० च्या जवळ आला की भरून निघतो. जुन्या करप्रणालीत ५ लाखांवर तर रिलीफही नाही: करपात्र उत्पन्न ५,१०,००० झालं की वाढीच्या १०,००० वर कर १५,०८०. पण हा दोष रिबेटचा, स्लॅबचा नाही. आणि सोळा लाखांच्या आसपास असला कुठलाही खड्डा नाही, त्यामुळे आपल्या शेजाऱ्याला यातलं काहीच लागू नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा ओसरला, कारण ही समजूत येते कुठून तेही माहीत आहे. माणूस वर्षाचा हिशेब पाहत नाही, महिन्याची पगाराची स्लिप पाहतो. समजा याच मुलाची वाढ एप्रिलपासून लागू, पण कंपनीने थकबाकीसकट दिली फेब्रुवारीत. कंपनीचं पगार पाहणारं खातं वर्षाचा कर नव्याने काढतं, आधी पगारातून कापलेला कर म्हणजे टीडीएस वजा करतं आणि उरलेला कर राहिलेल्या महिन्यांत वाटतं. इथे महिने उरले दोन, म्हणून १९,५०० चे ९,७५० फेब्रुवारीत आणि ९,७५० मार्चमध्ये. फेब्रुवारीत थकबाकी आल्यामुळे काही जाणवत नाही. मार्चमध्ये मात्र पगार वाढला ८,३३३ ने आणि कपात वाढली ९,७५० ने. जानेवारीपेक्षा १,४१७ रुपये कमी! बसला की माणूस "वाढ मिळाली आणि पगार घटला" म्हणत. एप्रिलपासून तीच कपात बारा महिन्यांत पसरते, महिना १,६२५, आणि हातात दरमहा ६,७०८ जास्त येतात. पण तोवर गोष्ट कँटीनभर झालेली असते.

दुसरं कारण पीएफ. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, लाखाने वाढला आणि त्यातला निम्मा बेसिकमध्ये गेला, आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असेल, तर तुमचे ६,००० आणि कंपनीचे ६,००० त्याच लाखातून पीएफ खात्यात जातात. हातात कमी दिसतं, पण पैसा तुमचाच. कराच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

चीड खरी येते ती त्या एचआरची. रोज हेच काम करणाऱ्या माणसाने "ठीक आहे, नोंद घेतली" असं उत्तर पाठवलं म्हणे! कंपनीचा लाख वाचला, मग कोण कशाला समजावतोय?

त्या मुलाला खाजगीत हा हिशेब पाठवलाय. वाढीचं पत्र अजून रद्द झालेलं नसेल तर आजच मेल कर, म्हटलं. आणि वाढ थकबाकीसकट मिळणार असेल तर पगार खात्याला आत्ताच सांग की वाढीव टीडीएस या महिन्यापासून कापायला घ्या, म्हणजे मार्चची स्लिप बघून परत ग्रुपवर यायला नको.

"शहाणा निर्णय"वाल्या काकांना मात्र उत्तर ग्रुपवरच दिलंय.