तांबे-निकेल आलेख, एरर फंक्शन आणि रिक्ती: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया (फोंडा): "तुमचा लेख वाचला. तांबे-निकेलच्या संहती आलेखावर एरर फंक्शनची एकच वक्ररेषा बसवली तर R² ०.९८ येतो आणि विसरण गुणांक, म्हणजे अणू किती वेगाने मिसळतात त्याचे माप, दोन मिनिटांत मिळतो. असे असताना बोल्ट्झमन-मातानोची किचकट पद्धत कशासाठी? शिवाय संपूर्ण लेखात रिक्तींचा, म्हणजे स्फटिकातल्या रिकाम्या जागांचा, उल्लेख आहे, पण तो आलेख रिक्तींबद्दल काहीच सिद्ध करत नाही. अणूंनी थेट एकमेकांशी जागा बदलली असती तरी तोच आलेख आला असता."

नमस्कार. आपले दोन्ही आक्षेप नेमके आहेत. दुसऱ्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पहिल्याशी मात्र नाही. म्हणून आधी पहिल्याकडे वळतो.

R² ची अडचण अशी की तो आलेखाच्या सपाट टोकांमुळे फुगतो. शुद्ध तांब्याच्या आणि शुद्ध निकेलच्या बाजूला जितके जास्त बिंदू मोजावेत, तितके ते कोणत्याही पायरीसारख्या वक्ररेषेवर आपोआप बसतात आणि R² वर सरकतो, पण त्या बिंदूंमध्ये विसरणाची माहिती जवळजवळ नसते. त्याऐवजी मोजलेल्या आणि बसवलेल्या मूल्यांतील फरक x च्या क्रमाने मांडून पाहावेत. केवळ मोजमापाचा गोंगाट असेल तर धन-ऋण चिन्हे विखुरलेली दिसतात. येथे मात्र मधल्या भागात सलग ऋण आणि तांब्याच्या बाजूला सलग धन असे पट्टे दिसतात. वक्ररेषेचा मूळ आकारच चुकीचा निवडला गेल्याची ती खूण आहे.

याहून सोपी कसोटी पट्टीनेही करता येते. लेखातला आलेख १००० अंश सेल्सियसला १०० तास ठेवलेल्या तांबे-निकेल जोडीचा होता. उदाहरणासाठी मी तो दोन्ही टोकांच्या विसरण गुणांकांची प्रसिद्ध मोजमापांच्या पातळीची मूल्ये धरून रचला होता. निकेलचा अणुअंश c आणि मातानो प्रतलापासूनचे, म्हणजे ज्याच्या एका बाजूने गेलेला आणि दुसऱ्या बाजूला आलेला पदार्थ समान भरतो त्या प्रतलापासूनचे, अंतर x (तांब्याकडे धन) असे धरले, तर c = ०.९ हे −८५ मायक्रोमीटरवर, c = ०.५ हे −३० वर आणि c = ०.१ हे +१४० वर येते. एरर फंक्शन आपल्या मध्याभोवती सममित असते, त्यामुळे ०.९ ते ०.५ आणि ०.५ ते ०.१ ही अंतरे समान असायला हवीत. प्रत्यक्षात ती ५५ आणि १७० मायक्रोमीटर आहेत. निकेलकडच्या अर्ध्या भागावरून एरर फंक्शनच्या सूत्राने विसरण गुणांक काढला तर तो सुमारे २.६ × १०⁻¹⁵ चौरस मीटर प्रति सेकंद येतो आणि तांब्याकडच्या भागावरून सुमारे २.४ × १०⁻¹⁴. एकाच नमुन्यातून, एकाच सूत्राने, नऊपट वेगळी उत्तरे मिळतात. दोन मिनिटांत मिळालेला मधला आकडा या दोहोंमध्ये कोठेतरी पडतो, आणि तो नेमक्या कोणत्या संहतीचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

एरर फंक्शनचे उत्तर विसरण गुणांक सर्व संहतींना सारखा आहे या गृहीतावर उभे आहे. दोन्ही टोकांच्या संहतीत थोडाच फरक असेल, समजा निकेलमध्ये ० आणि २ टक्के तांबे, तर ते गृहीत चालते आणि तेथे मीही एरर फंक्शनच वापरीन. शुद्ध तांबे आणि शुद्ध निकेल समोरासमोर ठेवल्यावर ते चालत नाही. १८९४ साली बोल्ट्झमन यांनी दाखवले की विसरण गुणांक फक्त संहतीवर अवलंबून असेल तर x आणि t हे दोन चल x/√t या एकाच चलात विलीन होतात. १९३३ साली मातानो यांनी त्यावरून आलेखातून थेट गुणांक काढण्याची रीत दिली. सूत्र असे आहे:

```
D(c*) = -(1/2t) · (dx/dc)|c* · ∫[0→c*] x dc
```

यात किचकट असे फारसे नाही. हव्या त्या संहतीला आलेखाचा उतार आणि तेथपर्यंतचे क्षेत्रफळ, इतकेच मोजायचे असते. १०० तास म्हणजे ३.६ × १०⁵ सेकंद, म्हणून 2t = ७.२ × १०⁵ सेकंद. c = ०.१ ला क्षेत्रफळ २४.३ मायक्रोमीटर भरते आणि dx/dc सुमारे −११०० मायक्रोमीटर आहे. गुणाकाराला 2t ने भागल्यावर ०.०३७ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद, म्हणजे ३.७ × १०⁻¹⁴ चौरस मीटर प्रति सेकंद मिळतात. c = ०.९ ला क्षेत्रफळ ११.५ आणि उतार −१३५ आहे, तेथून २.२ × १०⁻¹⁵ मिळतात. म्हणजे निकेल १० वरून ९० टक्क्यांवर जाईपर्यंत गुणांक सुमारे सतरापट उतरतो.

खरी मेहनत मातानो प्रतल ठरवताना पडते. x चा शून्य बिंदू जोडीच्या मूळ सांध्यावर डोळ्यांनी ठरवायचा नसतो. प्रतलाच्या एका बाजूने गेलेला आणि दुसऱ्या बाजूला आलेला पदार्थ समान भरेल, म्हणजे वक्ररेषेखालची दोन क्षेत्रफळे जुळतील, असाच तो निवडावा लागतो. येथे विद्यार्थी हमखास फसतात, म्हणून चूक किती होते ते दाखवतो. प्रतल ५ मायक्रोमीटरने सरकले असे समजू. c = ०.१ ला क्षेत्रफळात ५ × ०.१ = ०.५ ची चूक होते, ती २४.३ च्या मानाने २ टक्के आहे. शून्यापासून मोजत c = ०.९ पर्यंत गेल्यास मात्र ५ × ०.९ = ४.५ ची चूक ११.५ मध्ये मिसळते आणि गुणांक जवळजवळ ४० टक्क्यांनी बिघडतो. म्हणून क्षेत्रफळ दोन्ही टोकांकडून काढावे, एकदा शून्यापासून वर आणि एकदा १ पासून खाली. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर प्रतल चुकले आहे. प्रतल शोधण्याची ही कटकटच टाळायची असेल तर १९६२ ची साउअर-फ्रायझे पद्धत आहे, आणि संगणकावर काम करणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

एक मर्यादाही येथेच सांगायला हवी. ५ टक्क्यांच्या खाली आणि ९५ टक्क्यांच्या वर क्षेत्रफळ शून्याकडे जाते, उतार अनंताकडे जातो आणि त्यांचा गुणाकार मोजमापाच्या गोंगाटाच्या हवाली होतो. तेथील आकडे आलेखावर छापू नयेत.

(गोव्यात ही जोडी तयार करणाऱ्यांसाठी कंसातली सूचना: पावसाळ्यात समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत पॉलिश केलेले तांबे फार लवकर काळवंडते. सांध्यावर ऑक्साइडचा थर राहिला तर तो विसरण अडवतो आणि आलेखात सांध्यावर एक अचानक उडी दिसते. ती उडी दिसली तर कोणतीच पद्धत लावू नये, नमुना नव्याने करावा.)

आता रिक्तींकडे वळू. संहतीच्या आलेखातून यंत्रणा सिद्ध होत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. फिकच्या नियमाला अणू कसा सरकला याच्याशी देणेघेणे नसते. गुणांक संहतीनुसार इतका का बदलतो, याचे सुसंगत स्पष्टीकरण मात्र रिक्ती देतात. स्फटिकात अणूला सरकायचे असेल तर शेजारची जालकातली जागा रिकामी असावी लागते, आणि अशा जागांचे प्रमाण ती तयार करण्याच्या ऊर्जेवर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. तांब्यात ही ऊर्जा साधारण १.२ ते १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, निकेलमध्ये १.७ ते १.८. १००० अंशांना उष्णतेची सरासरी ऊर्जा दाखवणारा kT जेमतेम ०.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, त्यामुळे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फरकाने रिकाम्या जागांचे प्रमाण सुमारे शंभरपट घटते. तांबे त्या तापमानाला आपल्या वितळबिंदूपासून (१०८५ अंश) फारसे दूर नसते आणि त्यात दर दहा हजार जागांमागे सुमारे एक जागा रिकामी असते. निकेल १४५५ अंशांना वितळते, म्हणून त्याच भट्टीत ते तुलनेने 'थंड' असते. गुणांकातील फरक रिकाम्या जागांतील फरकाइतकाच नसतो, कारण उडी मारण्याची ऊर्जाही दोन्हीकडे वेगळी असते, परंतु दिशा तीच राहते.

पुरावा हवा असेल तर तो आलेखाबाहेरून आणावा लागतो, आणि तो १९४७ साली स्मिगेल्स्कस आणि कर्केंडल यांनी आणला. त्यांनी ७०-३० पितळेच्या ठोकळ्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवून वर तांब्याचा थर चढवला आणि तो ७८५ अंशांना ठेवला. समोरासमोरच्या तारा काळानुसार एकमेकींच्या जवळ सरकल्या. मॉलिब्डेनम स्वतः विसरणात भाग घेत नाही. अणू जोडीजोडीने थेट जागा बदलत असते, तर प्रत्येक जाणाऱ्या अणूमागे एक येणारा असता आणि तारांना हलण्याचे काहीच कारण नव्हते. पितळेतून जस्त जितक्या वेगाने बाहेर पडले तितक्या वेगाने तांबे आत आले नाही, ती तूट रिक्तींच्या उलट प्रवाहाने भरून निघाली आणि मधले जालकच सरकले. आपण सुचवलेली थेट अदलाबदल याच निरीक्षणाने बाद होते.

आपल्या जोडीतही ही तपासणी गणितात उतरवता येते. समजा, सांध्यावर ठेवलेल्या तारा १०० तासांनंतर मातानो प्रतलापासून तांब्याकडे १८ मायक्रोमीटरवर सापडल्या. तारांचे अंतर √t नुसार वाढते, म्हणून त्या क्षणीचा वेग १८ ला 2t ने भागून, म्हणजे २.५ × १०⁻⁵ मायक्रोमीटर प्रति सेकंद येतो. त्या ठिकाणी c सुमारे ०.३, dx/dc चे परिमाण सुमारे ३५४ मायक्रोमीटर आणि मातानोचा गुणांक ०.०१८२ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद आहे. डार्केन यांच्या १९४८ च्या समीकरणांप्रमाणे वेग आणि ३५४ यांचा गुणाकार हा तांबे व निकेल यांच्या स्वतंत्र गुणांकांतील फरक असतो, म्हणजे ०.००८९. मातानोचा गुणांक मात्र ०.३ पट तांब्याचा आणि ०.७ पट निकेलचा यांची बेरीज असते. ही दोन समीकरणे सोडवली की तांब्यासाठी ०.०२४ आणि निकेलसाठी ०.०१६ मिळतात. थेट अदलाबदल खरी असती तर हे दोन आकडे समान आले असते आणि तारा मूळ प्रतलावरच राहिल्या असत्या.

मात्र हा हिशेब मांडण्यापूर्वी तांब्याकडच्या भागाचे सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घ्यावे. तिकडे जमा होणाऱ्या रिक्ती विस्थापनांवर, म्हणजे जालकातल्या रेषीय दोषांवर, शोषल्या गेल्या तरच जालक सरकते. त्या एकत्र येऊन छिद्रे बनवू लागल्या तर तेवढे सरकणे तारांच्या अंतरात उमटत नाही, आणि दोन गुणांकांतील फरक खऱ्यापेक्षा कमी निघतो.